टीव्हीचा आवाज दोनदा का ऐकू येतो?

बातम्या लागतात. निवेदिका ‘नमस्कार’ म्हणते आणि पुढचा शब्द यायच्या आत तोच ‘स्कार’ पुन्हा कानावर पडतो. गाणं असेल तर तबल्याचा प्रत्येक ठोका जोडीने येतो. क्रिकेटचं समालोचन तर एखाद्या रिकाम्या सभागृहातून चालल्यासारखं वाटतं. घरात नवा साउंडबार आला किंवा टीव्ही बदलला, की पुष्कळ ठिकाणी ही तक्रार पहिल्याच संध्याकाळी सुरू होते. ‘आवाज घुमतोय’, ‘डबल येतोय’ असं म्हणून कुणी स्पीकर भिंतीपासून लांब ठेवून बघतं, कुणी सोफा मागे सरकवतं, कुणी दुकानदाराला फोन लावतं.

यातलं बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर आणि बाहेरून जोडलेले स्पीकर एकाच वेळी चालू असतात, इतकंच. दोघांपर्यंत आवाज वेगवेगळ्या वाटेने जातो आणि एका वाटेवर त्याला थोडा जास्त वेळ लागतो.

हा ‘थोडा’ म्हणजे किती, ते मोजता येतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात, सेकंदाच्या हजाराव्या भागात, सुमारे 34 सेंटिमीटर. आपल्या हॉलची लांबी बारा फूट धरली तर या टोकाचा आवाज त्या टोकाला दहा-अकरा मिलिसेकंदांत पोचतो. इतका लहान फरक कानाला प्रतिध्वनी म्हणून कळतच नाही. जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात हेल्मुट हास यांनी 1949 साली डॉक्टरेटच्या प्रबंधात नेमकं हेच तपासलं होतं: तेच बोलणं दोन स्पीकरमधून, एकात किंचित उशिराने ऐकवलं तर काय होतं? उशीर तीसेक मिलिसेकंदांच्या आत असेल तर मेंदू दोन्ही आवाज एकत्र करतो आणि जो आधी आला त्याच दिशेने सगळं येतंय असं आपल्याला वाटतं. उशीर वाढून पन्नासच्या आसपास गेला की बोलणं फाटू लागतं, आणि शंभराच्या पुढे ते सरळ दोनदा ऐकू येतं.

म्हणूनच सोफा सरकवून काही साधत नाही. सबंध हॉल मोजला तरी हिशोब दहा मिलिसेकंदांचा, आणि आपली तक्रार शंभर-दीडशेची. तो उशीर खोलीत नाही, यंत्रांच्या आत तयार होतो.

याच्या उलटही एक प्रकार आहे आणि तो ओळखायला अवघड. दोन्ही आवाजांत फरक अगदी थोडा, समजा एक-दोन मिलिसेकंदांचा असेल, तर प्रतिध्वनी मुळीच येत नाही. आवाज फक्त पोकळ होतो, नळीतून बोलल्यासारखा. त्यात काही स्वर एकमेकांना खोडतात आणि काही उगाच फुगतात. एक मिलिसेकंदाचा फरक असेल तर 500, 1500, 2500 हर्ट्झच्या आसपासचे स्वर गळतात, आणि माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता नेमकी याच पट्ट्यात असते. ‘आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार आली तर दोन्ही स्पीकर चालू नाहीत ना, हे आधी बघावं.

बघायचं कसं? टीव्हीच्या रिमोटने आवाज शून्यावर न्या. बोलणं एकेरी आणि स्वच्छ झालं आणि बाहेरच्या स्पीकरमधून ते चालूच राहिलं, तर निदान झालं. दोन्ही आवाज एकदमच गेले, तर बाहेरचा स्पीकरही टीव्हीच्या रिमोटच्या ताब्यात आहे. मग त्याची पॉवर बंद करून टीव्हीतून आवाज येतो का ते ऐका. कान टीव्हीच्या खालच्या कडेला नेणं हा सगळ्यात सोपा उपाय, पण चारचौघांत तो सहसा कुणी करत नाही.

आता एक घर घेऊ. डोंबिवलीतल्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे जुनं फाइव्ह पॉइंट वन होम थिएटर होतं: एक वूफर, पाच छोटे डबे, मागे लाल-पांढऱ्या पिनांची रांग. काचेच्या नळीचा जुना टीव्ही असल्यापासून ते उत्तम चाललं होतं. सेट-टॉप बॉक्समधून एक वायर टीव्हीला आणि लाल-पांढरी जोडी होम थिएटरला, अशी जोडणी केबलवाल्याने करून दिली होती. दोन्हीकडून आवाज यायचा आणि घर भरल्यासारखं वाटायचं. मग सपाट पडद्याचा नवा टीव्ही आला. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल लागली, होम थिएटरची जोडी होती तिथेच राहिली, आणि त्या दिवसापासून मालिकेतलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ लागलं. मुलाने निकाल देऊन टाकला, “बाबा, होम थिएटर गेलंय. जुनं झालं ते. साउंडबार घेऊन टाकू.”

सरांचा प्रश्न मात्र बिनतोड होता: “गेलं असेल तर एकटं वाजवल्यावर चांगलं कसं वाजतं?”

जुन्या नळीच्या टीव्हीत चित्रावर प्रक्रिया जवळजवळ नव्हतीच; सिग्नल आला की पडद्यावर उमटायचा. त्यामुळे टीव्हीचा आवाज आणि होम थिएटरचा आवाज एकाच क्षणी निघत. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःजवळ ठेवून घेतो, ते मोठं करतो, कडा सुधारतो, हालचाल गुळगुळीत करण्यासाठी मधल्या फ्रेम तयार करतो. यात काही दहा मिलिसेकंद जातात, कधी शंभराच्याही वर. पात्राचे ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून टीव्ही आपल्या स्पीकरचा आवाजही तेवढाच थोपवून धरतो. होम थिएटरला मात्र बॉक्समधून थेट आवाज मिळत होता. त्याला थांबायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे मागे पडला होता नवाकोरा टीव्ही, आणि दोष लागला होता जुन्या डब्यांना.

याची खूण त्याच घरात पटवून घेता आली. टीव्हीच्या चित्राचा मोड बदलून ‘गेम’ केला. या मोडमध्ये टीव्ही प्रक्रिया कमीत कमी ठेवतो, कारण खेळणाऱ्याला बटण दाबताच पडद्यावर हालचाल हवी असते. मोड बदलल्याबरोबर दोन आवाजांतलं अंतर कमी झालं. नेहमीच्या मोडवर आल्यावर ते पुन्हा वाढलं. चित्राची सेटिंग बदलल्याने आवाजाचा घोळ कमी-जास्त होत असेल, तर बाहेरच्या स्पीकरला आवाज टीव्हीला वगळून मिळतो आहे असं खुशाल समजावं.

इथे सोपा वाटणारा उपाय म्हणजे टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवून होम थिएटरवर ऐकणं. प्रतिध्वनी जातो, पण दुसरी अडचण उभी राहते: आता आवाज चित्राच्या पुढे धावतो. माणसाला हे उलटं प्रकरण जास्त खटकतं, कारण निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो. आधी आवाज आणि मग दृश्य असं कधी होत नाही. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज 45 मिलिसेकंद पुढे गेला तर जाणवतो, आणि मागे पडला तर 125 पर्यंत सहसा लक्षात येत नाही, असे आकडे दिले आहेत. शिवाय टीव्हीवरच युट्यूब लावलं तर होम थिएटर मुकंच राहणार, कारण त्याची वायर सेट-टॉप बॉक्सला आहे. मग कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवणार, आणि बातम्या लागल्या की पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून आवाज टीव्हीतून बाहेर काढायचा. सगळे स्रोत, म्हणजे बॉक्स, पेन ड्राइव्ह, युट्यूब, आधी टीव्हीत येऊ द्यायचे आणि तिथून एकच वाट होम थिएटरकडे न्यायची. सरांच्या टीव्हीला मागे लाल-पांढरं आउटपुट नव्हतं. होतं ते एआरसी लिहिलेलं एचडीएमआय, ऑप्टिकल आणि हेडफोनचं भोक. होम थिएटरला यातलं काहीच चालत नव्हतं, फक्त लाल-पांढऱ्या पिना. तेव्हा एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी जोडी अशी साधी वायर आणली. हेडफोनच्या भोकात पिन गेली की बहुतेक टीव्ही स्वतःचे स्पीकर आपोआप बंद करतात, त्यामुळे दुहेरी आवाजाचा प्रश्न मुळातूनच मिटला. होम थिएटरचा आवाज मध्यावर ठेवून दिला आणि रोजचा कमी-जास्त टीव्हीच्या रिमोटवर आला. बॉक्समधली जुनी जोडी काढून कपाटात ठेवली. ती काढणं महत्त्वाचं, नाहीतर कुणीतरी होम थिएटरच्या रिमोटवर इनपुट बदलतं आणि घोळ परत येतो.

अशा जुन्या होम थिएटरसाठी ऑप्टिकलमधून लाल-पांढरं काढणारी छोटी कन्व्हर्टर डबीही मिळते. ती चालते, पण एक अट आहे. टीव्हीच्या डिजिटल आवाजाच्या सेटिंगमध्ये PCM निवडावं लागतं. स्वस्त डब्यांना डॉल्बीचा सिग्नल उलगडता येत नाही. मग खरखर येते किंवा काहीच येत नाही, आणि डबी खराब निघाली म्हणून ती परत जाते.

साउंडबार असलेल्या घरात गोष्ट जरा वेगळी. तिथे आवाज टीव्हीतूनच निघतो, पण टीव्ही आपले स्पीकर बंद करतो की नाही हे वायरवर अवलंबून असतं. ऑप्टिकल केबल फक्त आवाज वाहते. पलीकडे साउंडबार आहे की नुसतीच वायर लोंबते आहे, हे टीव्हीला कळत नाही, म्हणून पुष्कळ टीव्ही ऑप्टिकलमधून आवाज सोडतच राहतात आणि स्वतःचे स्पीकरही चालू ठेवतात. त्यातून साउंडबारचा रिमोट वेगळा. घरातल्यांना सवय टीव्हीच्या रिमोटची. त्याने आवाज वाढवला की वाढतो तो टीव्हीच्या स्पीकरचा.

एआरसीच्या एचडीएमआयमध्ये, 2009 पासून मिळालेल्या या सोयीत, आवाज उलट दिशेने साउंडबारकडे जातो, आणि त्याच केबलमधून दोन्ही यंत्रं एकमेकांना आज्ञाही देतात. साउंडबार चालू झाला की टीव्ही आपले स्पीकर गप्प करतो आणि रिमोटची आज्ञा साउंडबारकडे पोचवतो. या आज्ञांच्या सोयीला सॅमसंग Anynet+ म्हणतं, एलजी SIMPLINK, सोनी BRAVIA Sync. ती बंद असेल तर एआरसीचा निम्मा उपयोग गेला. केबल टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या भोकातच हवी. शेजारच्या साध्या एचडीएमआयमध्ये लावली तर टीव्हीचा आवाज साउंडबारपर्यंत पोचणारच नाही. आणि ‘असू दे दोन्ही’ म्हणून ऑप्टिकलही लावून ठेवू नये. दोनपैकी एकच वायर ठेवावी.

सेटिंग कुठे असते? सॅमसंगमध्ये Sound मध्ये जाऊन Sound Output, एलजीत Sound मध्ये Sound Out, सोनीच्या गुगल टीव्हीत Display & Sound मध्ये Audio output आणि तिथे Speakers. नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात, पण आत यादी सारखीच: टीव्हीचा स्पीकर, एचडीएमआय, ऑप्टिकल, ब्लूटूथ. जी वायर लावली आहे तेच निवडायचं. काही टीव्हींत या यादीत ‘ऑप्टिकल आणि टीव्ही स्पीकर’ असा जोडपर्यायही असतो. ‘दोन्हीकडून आला तर बरंच’ म्हणून तो निवडला जातो, आणि प्रतिध्वनीची निम्मी प्रकरणं, माझ्या अंदाजाने, तिथेच जन्मतात.

वीज जाऊन आल्यावर हे सगळं विस्कटू शकतं. टीव्ही आणि साउंडबार वेगवेगळ्या वेगाने जागे होतात, ओळख पटत नाही आणि टीव्ही पुन्हा आपल्या स्पीकरवर येतो. अशा वेळी मेनूत शोधाशोध करण्याआधी दोन्हींचे प्लग काढावेत, मिनिटभराने आधी साउंडबार आणि मग टीव्ही लावावा. बहुतेक वेळा भागतं.

आता साउंडबार मागे का पडतो, हेही बघू. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये पाठवायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात. एका तुकड्यात 1536 नमुने असतात, सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या हिशोबाने 32 मिलिसेकंदांचे. एक तुकडा पुरा जमल्याशिवाय टीव्हीला तो बांधता येत नाही; पलीकडे साउंडबारला तो पुन्हा सोडवावा लागतो. या बांधण्या-सोडवण्यात वेळ जातोच. आपला साउंडबार डावा-उजवा आणि एक वूफर एवढाच असेल, तर डिजिटल आउटपुट PCM वर ठेवल्याने ऐकण्यात काही गमावत नाही आणि उशीर कमी होतो. मागे वेगळे स्पीकर असलेल्यांनी मात्र हे करू नये. ऑप्टिकल आणि साध्या एआरसीवर PCM म्हणजे दोनच चॅनेल.

मेनूत आवाजाचा विलंब बदलायची सोयही असते, कुठे Digital Output Audio Delay तर कुठे AV Sync अशा नावाने. लोक तिथे आकडा वाढवत जातात आणि गोष्ट बिघडत जाते. या सेटिंगने आवाज सहसा मागे ढकलता येतो, पुढे ओढता येत नाही. म्हणून आधी टीव्हीचे स्पीकर बंद करावेत, कुणी समोर बघून बोलत असेल असा कार्यक्रम लावावा आणि ओठ पाहावेत. शब्द ओठांच्या आधी येत असतील तर विलंब थोडा थोडा वाढवावा. नंतर येत असतील तर आकडा शून्यावर आणावा, PCM करून बघावं, साउंडबारवर सराउंडचा एखादा मोड चालू असेल तर तो काढावा.

एका घरात मात्र दोन्ही स्पीकर खरोखरच हवे असतात. आजोबांना कमी ऐकू येतं. बाकीच्यांना टीव्हीचा नेहमीचा आवाज पुरतो. मग त्यांच्या खुर्चीशेजारी ब्लूटूथ स्पीकर ठेवला जातो. हेतू चांगला, पण ब्लूटूथमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडण्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. आजोबांना दोन्ही ऐकू येतात, तेही मागेपुढे. आधीच अवघड असलेलं ऐकणं त्यांना आणखी अवघड होतं. तिथे टीव्हीच्या ऑडिओ आउटमधून लांब वायर काढून साधा छोटा स्पीकर खुर्चीजवळ लावावा. लाल-पांढऱ्या आउटपुटला पिन लावल्याने टीव्हीचे स्पीकर बंद होत नाहीत. हेडफोनचं भोक असेल तर ते ‘ऑडिओ आउट’ म्हणून चालवायची सोय मेनूत आहे का, ते बघावं लागतं. वायरीतून आवाज जवळजवळ त्याच क्षणी पोचतो. टीव्ही दहा फुटांवर आणि स्पीकर कानाशी, म्हणजे फरक नऊ-एक मिलिसेकंदांचा. हास यांच्या प्रयोगातला हिशोब इथे कामी येतो: आजोबांना आवाज एकच ऐकू येतो, आणि तो खुर्चीजवळून.

दोन्ही एकत्र वाजवण्याची सोय काही कंपन्यांनी मुद्दाम केली आहे. सॅमसंगचं Q-Symphony किंवा एलजीचं WOW Orchestra ही त्यातलीच. तिथे टीव्ही आणि साउंडबार आपापला वेळ जुळवून घेतात, त्यामुळे आवाज फाटत नाही. पण दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची आणि ती सोय असलेल्याच मॉडेलची हवीत. एका कंपनीचा टीव्ही आणि दुसरीचा साउंडबार असेल तर हा नाद सोडून टीव्हीचा स्पीकर बंदच ठेवावा.

आणि टीव्हीचा स्पीकर नक्की बंद असूनही आवाज घुमत असेल, तर साउंडबारच्या रिमोटवर ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘थ्रीडी’ असलं काही दाबलं गेलं आहे का ते बघा. या मोडमध्ये घुमणं मुद्दाम मिसळलेलं असतं. ते ‘स्टँडर्ड’वर आणलं तरी फरक पडला नाही, तर चॅनेल बदलून पाहा. एकाच चॅनेलवर घुमत असेल तर तो प्रसारणातला दोष. तुमच्या घरातलं कुठलंही बटण त्याला पुरं पडणार नाही.